दिवाळीच्या आधी फक्त चार स्प्रिंट

मे महिना संपत आला की मालवणच्या किनाऱ्यावरचं जलपर्यटन बंद होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या धक्क्यावरून हलतात, स्कुबाच्या बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, देवबाग-तारकर्लीच्या खोल्यांना कुलपं लागतात. ऑगस्टअखेरपर्यंत साधारण हेच चित्र. पर्यटनासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमला मात्र कामाचे दिवस हेच मिळतात. सीझनमध्ये घरमालकाला फोन उचलायलाही सवड नसते, मग नवीन ॲप शिकायला कुठून असणार? जे काही बनवायचं ते पावसात बनवायचं आणि दिवाळीच्या पर्यटकांआधी लोकांच्या हातात द्यायचं. दिवाळी हुकली तर नाताळच्या गर्दीत कोणी प्रयोग करणार नाही, आणि मग थेट पुढचा पावसाळा.

अशा ठिकाणी रोडमॅप, रिलीज प्लॅन आणि स्प्रिंट प्लॅन यांतला फरक फार लवकर कळतो. हे तिन्ही शब्द छोट्या टीममध्ये एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि तिन्हींची मिळून एकच एक्सेल शीट केलेली असते. डाव्या बाजूला फीचरची नावं, वर महिने, मध्ये रंगवलेल्या पट्ट्या. दिसायला हे नियोजन वाटतं. पण गुंतवणूकदाराने 'पुढच्या वर्षी कुठे असाल' असं विचारलं, घरमालकाने 'ॲप कधी मिळणार' असं विचारलं आणि प्रोग्रामरने 'सोमवारी काय घेऊ' असं विचारलं, तर या तीन प्रश्नांना ती शीट एकच उत्तर देते आणि ते तिघांपैकी कोणाच्याच कामाचं नसतं. रोडमॅप सांगतो की कोणाची कुठली अडचण कोणत्या क्रमाने सोडवायची. रिलीज प्लॅन सांगतो की त्यातलं नेमकं काय, कधी आणि कशा अवस्थेत लोकांच्या हातात पडणार. आणि स्प्रिंट प्लॅन सांगतो की येत्या दोन आठवड्यांत आपण चौघं मिळून काय पुरं करणार.

छोट्या टीमच्या बाबतीत माझं मत असं की रोडमॅप कसाबसा असतोच, निदान संस्थापकाच्या डोक्यात. स्प्रिंटही असतो, कारण तो सगळीकडे शिकवला जातो. गायब असतो तो मधला, रिलीज प्लॅन. याला थोडा इतिहासही आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 साली स्क्रम ही पद्धत पहिल्यांदा जाहीरपणे मांडली आणि 2010 पासून ते तिची अधिकृत मार्गदर्शिका काढू लागले. सुरुवातीच्या आवृत्तीत रिलीज प्लॅनिंगला वेगळी जागा होती. 2011 च्या आवृत्तीत ती काढली. ते चुकीचं म्हणून नव्हे. प्रत्येक टीमची प्रकाशनाची रीत निराळी असते, तेव्हा हा भाग चौकटीबाहेर राहू द्यावा असा विचार होता. पण त्यानंतर जे लोक स्क्रम शिकले त्यांच्या हाती बॅकलॉग आणि स्प्रिंट लागले, आणि मधली पायरी ज्याची त्याने शोधायची राहिली. मोठ्या कंपनीत ती पायरी सांभाळायला माणूस नेमलेला असतो. चौघांच्या टीममध्ये कोणीच नसतो.

एक उदाहरण तारखांसकट मांडून पाहू. टीम काल्पनिक आहे, पण तिच्यापुढची बंधनं खरी आहेत. मालवणात भाड्याच्या दोन खोल्यांत बसणारे चौघे: दोन प्रोग्रामर, स्क्रीन आखून तपासणीही करणारी एक मुलगी, आणि चौथा जो देवबागपासून आचऱ्यापर्यंत घराघरांत फिरतो, मालकांशी बोलतो आणि रात्री त्यांचे फोनही घेतो. बनवायचं आहे ते घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांसाठी बुकिंगचं ॲप. अडचण सगळ्यांना ठाऊक असलेली. खोल्या तीन, वही एक. वही घरात काकींकडे, पण निम्मी बुकिंग घेतो मुंबईतला मुलगा, फोनवर. तो सांगायला विसरतो किंवा देवबागात रेंज नसते, आणि एकाच शनिवारी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहतात. 'एकच रूम दोघांका दिली गेली तर तोंड खंय लपवू?' हा काकींचा प्रश्न, आणि टीमचं सगळं काम त्यातूनच सुरू होतं.

आधी रोडमॅप. या टीमला त्यासाठी एक कागद पुरेल. जाना बॅस्टो या प्रॉडक्ट क्षेत्रातल्या जाणत्या बाईंनी रूढ केलेली एक सोपी मांडणी आहे: आता, पुढे, नंतर. तीन रकाने आणि तारीख एकही नाही. 'आता'मध्ये: घरातला आणि मुंबईतला माणूस एकच वही पाहतील, एक खोली दोनदा जाणार नाही. 'पुढे'मध्ये: ॲडव्हान्स किती आला, कोणाचा परत द्यायचा, हे भांडणाशिवाय कळेल. 'नंतर'मध्ये: खोलीबरोबर किल्ल्याची होडी आणि स्कुबाही घरमालकाला आधीच सांगून ठेवता येईल. लक्षात घ्या, यात 'कॅलेंडर', 'पेमेंट', 'पार्टनर मॉड्यूल' असं काही लिहिलेलं नाही. ओळ खरी रोडमॅपची आहे का हे तपासायची युक्ती साधी आहे. ती काकींना वाचून दाखवायची. त्यांना हो किंवा नाही म्हणता आलं तर ओळ ठीक. त्यांनी 'म्हणजे काय?' विचारलं, तर ती फीचरची यादी आहे आणि तिची जागा खाली कुठेतरी आहे.

तारखा नसल्या म्हणजे रोडमॅप मोघम झाला असं नाही. प्रत्येक ओळीपुढे एक खूण हवी, जिच्यावरून ते साधलं की नाही ते कळेल. पहिल्या ओळीची खूण: दहापैकी किती घरांनी दिवाळीत कागदी वही बाजूला ठेवली. ही मोजायला सोपी आहे आणि जरा निर्दयही. डाउनलोडचा आकडा वाढतो तेव्हा सगळे खूश असतात, पण वही टेबलावर तशीच उघडी असेल तर काहीच सुटलेलं नसतं. रोडमॅप पाहायची वेळही इथे पुस्तकातल्यासारखी दर तिमाहीला येत नाही. दिवाळीनंतर एकदा आणि मे संपल्यावर एकदा पुरे, कारण मधल्या काळात माणसं नेमकं काय करतात हे तेव्हाच दिसलेलं असतं.

आता रिलीज प्लॅन, आणि इथे थोडं थांबायला हवं. 2026 सालची दिवाळी धरू. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. दसरा 20 ऑक्टोबरला. दिवाळीच्या सुट्टीसाठी चौकशीचे फोन दसऱ्याच्या आगेमागे वाढतील असा टीमचा अंदाज आहे, म्हणजे त्याआधी दोन आठवडे तरी ॲप मालकांच्या हाती रुळलेलं हवं. म्हणून तारीख ठरली सोमवार, 5 ऑक्टोबर. टीमने 13 जुलैच्या सोमवारी कामाला बसायचं म्हटलं तर मध्ये बरोबर बारा आठवडे, म्हणजे दोन-दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट. बहुतेक टीम इथे थांबतात, सहा स्प्रिंटमध्ये कामं वाटतात आणि सप्टेंबरअखेरीस धावपळ करतात.

रिलीज प्लॅन करायचा तो शेवटच्या तारखेपासून मागे येत. ॲप अँड्रॉइडवर द्यायचं आहे. गूगल प्लेचा नियम असा की 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. निदान 12 टेस्टर आणि सलग 14 दिवस. हे झाल्यावर परवानगीसाठी अर्ज, आणि त्याच्या तपासणीला साधारण आठवडाभर, कधी जास्तही. संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही अट लागत नाही, पण त्यासाठी कंपनीची नोंदणी आणि डी-यू-एन-एस क्रमांक लागतो, आणि तो मिळण्यातही दिवस जातात. आपल्या चौघांची कंपनी अजून कागदावर यायची आहे, त्यामुळे खातं वैयक्तिक. ॲपऐवजी ब्राउझरमध्ये चालणारी लिंक दिली असती तर हे सगळं टळलं असतं. पण रेंज नसताना चालणं हीच या ॲपची मुख्य गरज, आणि काकींच्या फोनवर ब्राउझरच्या टॅबमध्ये हरवलेली लिंक पुन्हा शोधून देण्याचं काम चौथ्या माणसाच्याच गळ्यात पडणार होतं. म्हणून टीमने प्लेचाच रस्ता धरला.

हिशेब करा. 5 ऑक्टोबरच्या आधी एक आठवडा हाताशी राखीव ठेवायचा, तर परवानगी 28 सप्टेंबरपर्यंत यायला हवी. म्हणजे अर्ज 21 ला. म्हणजे चौदा दिवसांची चाचणी 7 सप्टेंबरला सुरू व्हायला हवी. म्हणजे वापरता येईल असं ॲप 4 सप्टेंबरच्या शुक्रवारी तयार पाहिजे. बारा आठवड्यांचे आठ झाले, सहा स्प्रिंटचे चार. हे कुठल्याही स्प्रिंट बोर्डवर दिसत नाही, कारण चौदा दिवस वाट पाहणं हे कोणाच्याच नावावर लावता येणारं काम नाही.

राहिलेल्या दोन स्प्रिंटचं काय? पाचवा स्प्रिंट 7 ते 18 सप्टेंबर, आणि गणेश चतुर्थी 14 ला. कोकणात त्या दिवसांत टीमकडून कामाची अपेक्षा धरणारा माणूस कोकणातला नव्हे. घर आवरणं, माटवी बांधणं, मुंबईहून आलेले चाकरमानी, रात्रीची भजनं. पण चाचणीचे चौदा दिवस नेमके याच काळात उलटतात, आणि वाट पाहायला प्रोग्रामर लागत नाही. म्हणजे सुट्टीत वाया जाणारा काळ आपोआप कामी आला. शिवाय मुंबईतला मुलगा गणपतीला घरी असतो, त्यामुळे आई आणि मुलगा एकाच वहीवर काम करतात का हे एकाच ओटीवर बसून पाहता येतं. सहावा स्प्रिंट टेस्टरनी काढलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी, नवीन काही नाही. टेस्टरची यादी करताना चौथ्याने बारांऐवजी सोळा घरं घ्यावी, कारण मध्येच कोणी बाहेर पडला आणि संख्या बारांखाली गेली तर सलगपणा तुटतो, आणि गणपतीत फोन बदलणारा एखादा असतोच.

तारीख पक्की झाली, आता व्याप्ती. इथे दुसरी नेहमीची गल्लत होते: तारीखही पक्की आणि यादीही पक्की. दोन्ही पक्क्या असतील तर ढिली पडायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दर्जा, आणि बुकिंगच्या ॲपमध्ये ढिला दर्जा म्हणजे पुन्हा दारात दोन कुटुंबं. आपल्या टीमने यादीतल्या प्रत्येक कामाला पॉइंट दिले. पॉइंट म्हणजे तास नव्हेत, एका कामाच्या मानाने दुसरं किती अवजड याचा अंदाज. सगळ्या यादीचे मिळून 94 झाले. जूनपासूनच्या मागच्या तीन स्प्रिंटमध्ये टेस्ट ॲप बनवताना टीमने 14, 21 आणि 17 पॉइंटचं काम पुरं केलं होतं. सरासरी काढली तर साधारण 17, चार स्प्रिंटचे 69. पण सरासरीवर वचन देऊ नये. माइक कोन यांच्या 2005 च्या नियोजनावरील पुस्तकापासून या क्षेत्रातली माणसं अंदाज एका आकड्यात न सांगता पल्ल्यात सांगायला शिकली आहेत. आपल्या टीमचा कमीत कमी वेग 14, म्हणजे चार स्प्रिंटमध्ये 56. जास्तीत जास्त 21, म्हणजे 84.

यादी प्राधान्याने लावायची आणि तिच्यात दोन रेघा मारायच्या, एक 56 च्या खाली आणि एक 84 च्या खाली. पहिल्या रेघेच्या वर जे आहे ते मालकांना छातीठोकपणे सांगता येतं: तारखांची वही, तात्पुरती राखून ठेवलेली खोली, रेंज नसताना चालणं, ॲडव्हान्सची नोंद आणि ओटीपीने लॉगिन. यांचे मिळून 52. दोन रेघांच्या मधलं 'जमलं तर': पाहुण्याला आठवणीचा मेसेज, महिन्याचा हिशेब, घरातल्या आणखी एका माणसाला प्रवेश. दुसऱ्या रेघेच्या खालचं यंदा नाही. बाहेरच्या बुकिंग साइटच्या कॅलेंडरशी जोडणं आणि फोटोंचं पान, दोन्ही तिथे गेली. फोटोंबद्दल कोणाला वाईट वाटलं नाही. कॅलेंडर जोडणीवर मात्र वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. काही घरं त्या साइटवर आहेत, तेव्हा एक खोली दोनदा जायची वाट तिथूनही आहे. पण अशी जोडणी बहुधा दर काही तासांनी ताजी होते, क्षणोक्षणी नाही. तेव्हा ती करूनही मधल्या तासांत घोळ व्हायचा तो होईलच. यंदा त्या घरांनी आलेलं बुकिंग हाताने वहीत टाकायचं, असं ठरलं. हे उत्तर छान नाही, पण 13 पॉइंट वाचवणारं आहे.

आणखी एक ओळ रिलीज प्लॅनमध्ये हवी आणि ती कोडची नाही. ओटीपीचा एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी संस्थेची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मग मेसेजच्या मजकुराची नोंदणी मंजूर व्हावी लागते. मजकूर परत येऊ शकतो. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करायचा, लॉगिनचा स्क्रीन कोणत्या का स्प्रिंटमध्ये येईना.

एवढं झाल्यावर स्प्रिंट प्लॅन. स्क्रमच्या 2020 च्या मार्गदर्शिकेनुसार स्प्रिंटच्या आखणीत तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: हा स्प्रिंट कशासाठी, यात काय होईल, आणि ते कसं करायचं. महिन्याच्या स्प्रिंटला या बैठकीसाठी जास्तीत जास्त आठ तास दिले आहेत. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला चौघांना एक सकाळ खूप झाली.

दुसरा स्प्रिंट जवळून पाहू, 27 जुलै ते 7 ऑगस्ट. त्याचं ध्येय एका वाक्यात: एक खोली एका रात्रीसाठी दोघांना जाऊ नये, एक फोन रेंजबाहेर असला तरी. दोन प्रोग्रामर, दहा दिवस, कागदावर वीस माणूस-दिवस. बैठका आणि शेवटच्या दिवसाचं दाखवणं यात प्रत्येकी एक दिवस गेला. मागच्या टेस्ट ॲपमधल्या चुकांना आणि जुलैच्या पावसात जाणाऱ्या लाइटला मिळून आणखी चार दिवस धरले. उरले चौदा. तेवढीच कामं घेतली.

पहिलं काम दिसायला किरकोळ. 8 नोव्हेंबरला सकाळी एक पाहुणा खोली सोडतो आणि दुपारी दुसरा येतो. तारीख एकच, तरी ही टक्कर नव्हे. म्हणून मुक्काम मोजताना येण्याचा दिवस धरायचा, जाण्याचा सोडायचा. हा नियम स्क्रीनवर नाही तर थेट डेटाबेसमध्ये बसवायचा, म्हणजे दोन फोनवरून एकाच क्षणी नोंद आली तरी एक आत जाईल आणि दुसरी परत येईल. अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम. दुसरं काम अवघड. काकींचा फोन रेंजबाहेर असताना त्यांनी खोली दिली, आणि तेवढ्यात मुलाने मुंबईहून तीच दिली. कोणाची धरायची? ज्याने आधी बटण दाबलं त्याची, हे उत्तर न्याय्य वाटतं, पण फोनमधली घड्याळं सारखी असतीलच असं नाही. टीमने ठरवलं की सर्व्हरवर जी आधी पोचली ती खरी. रेंजबाहेर केलेली नोंद पिवळ्या रंगात दिसेल, ती हिरवी होईपर्यंत पाहुण्याला 'पक्कं' म्हणायचं नाही. हे कोडमध्ये लिहायला दोन दिवस लागले. काकींना पटवायला चौथ्याला देवबागला जाऊन ओसरीवर बसावं लागलं, आणि तेही स्प्रिंटच्या कामांत आधीपासून लिहिलेलं होतं, एक दिवस म्हणून. अशी कामं पाटीवर नसली की ती होतात, पण कोणाच्या तरी झोपेतून.

तीन कागद वेगळे ठेवल्याचा खरा उपयोग काही बिघडल्यावर कळतो. बदल आला की पहिला प्रश्न हा की तो कुठल्या कागदावरचा. पिवळ्या नोंदीत एक चूक सापडली: रेंज आल्यावर तीच नोंद दोनदा वर जात होती. हा बदल स्प्रिंटच्या आतला. दोघांनी मिळून दुरुस्त केला, एक छोटं काम मागे टाकलं, ध्येय तेच राहिलं. बाहेर कोणाला सांगायची गरजही नव्हती.

ऑगस्टमध्ये डीएलटीवर मेसेजचा मजकूर परत आला. प्रोग्रामर म्हणाला, पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ. पण हे पुढच्या स्प्रिंटचं काम नव्हतंच, कारण मंजुरी कधी येणार ते टीमच्या हातात नाही. हा बदल रिलीज प्लॅनवरचा. 7 सप्टेंबर हलवायचा, की ओटीपी सोडायचा? तारीख हलवली तर चाचणी गणपतीतून बाहेर पडून दसऱ्याला भिडते. तेव्हा पहिल्या प्रकाशनात एसएमएस नाही. चौथा माणूस प्रत्येक घरी जाऊन सहा अंकी कोड स्वतः टाकून देईल. सोळा घरांसाठी हे चालतं, साठ घरांसाठी चालणार नाही, आणि ती मर्यादा प्लॅनमध्ये तशीच लिहून ठेवली. रोडमॅपला धक्का लागला नाही.

एखादं काम तिसऱ्यांदा पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं जात असेल तर बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. टीम आळशी नसते. काम चुकीच्या कागदावर असतं, ते कोणाच्या तरी मंजुरीवर, मालावर किंवा तारखेवर अडलेलं असतं, आणि स्प्रिंटच्या बैठकीत त्याचा निर्णय होऊच शकत नाही.

तिसरा बदल गणपतीतल्या चाचणीत दिसला आणि तो सर्वांत वरच्या कागदावरचा होता. ॲप सोळाही फोनवर होतं. पण अर्ध्याअधिक घरांत काकी वहीतच लिहीत होत्या, पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवत होत्या आणि ॲपमध्ये नोंद मुलगा करत होता. ॲप बिघडलं नव्हतं. टीमने गृहीत धरलेला वापरणारा माणूस बदलला होता: तो देवबागात नव्हता, डोंबिवलीत होता. या बातमीने 5 ऑक्टोबर हलवायचं कारण नाही, कारण खोली दोनदा जाणं थांबलं होतंच. सहावा स्प्रिंटही ठरल्याप्रमाणे चुकांचाच. पण रोडमॅपचा 'पुढे' हा रकाना नव्याने लिहावा लागणार होता. ॲडव्हान्सचा हिशेब कोणाला दिसायला हवा, मुलाला की आईला? आणि कागदी वही बाजूला पडणं ही खूण तरी बरोबर होती का, की पानाचा फोटो थेट नोंदीत उतरणं हीच खरी गरज होती? या प्रश्नांना दोन आठवड्यांत उत्तर शोधायला गेलं की माणसं सहाव्या स्प्रिंटमध्ये फोटो वाचण्याचा प्रयोग घुसडतात आणि दिवाळी घालवतात. ते दिवाळीनंतरच्या बैठकीसाठी लिहून ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं.

हीच टीम हिवाळ्यात दुसरं प्रकाशन काढायला बसेल तेव्हा तिला एक वेगळा पेच भेटेल. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, मुंबईहून जादा गाड्या सुटतात आणि आसपास खोली मिळणं मुश्कील होतं. दिवाळीची तारीख कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेली असते. या जत्रेची तिथी ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी ठरते आणि मग जाहीर होते, बहुधा फेब्रुवारी-मार्चमधली. मागे येत मोजायचं कुठून? अशा वेळी रिलीज प्लॅनमध्ये तारखेऐवजी अंतर लिहायचं: जाहीर झाल्यापासून पहिल्या आठवड्यात मालकांनी दर भरायचे, दुसऱ्यात सर्व्हरवर गर्दीची चाचणी, तिसऱ्यात खुलं. आणि ज्या कामांना बाहेरची मंजुरी लागते ती सगळी कौलाच्या आधी संपलेली असायला हवीत. तोपर्यंत स्प्रिंट चालूच राहतात, फक्त त्यांच्यात जत्रेचं काम किती घ्यायचं हे नोव्हेंबरातच ठरवून टाकावं लागतं, नाहीतर तारीख जाहीर होते त्या सकाळी टीमच्या हातात डीएलटीचा परत आलेला अर्ज असतो.